तुम्ही कोणाचे वकील?

साताऱ्यात वकिली करताना मला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागलेले वाक्य कोणते, असे कुणी विचारले तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन : "वकीलसाहेब, तुम्ही आमच्या घरचेच. तुम्हीच आमचं सगळ्यांचं बघा." हे वाक्य ऐकले की तरुणपणी माझी छाती फुगत असे. आता पोटात गोळा येतो. का येतो, तेच आज सांगायचे आहे.

गेली काही वर्षे दर शनिवारी संध्याकाळी माझ्या ऑफिसात चार-पाच ज्युनिअर मुले-मुली जमतात. कोर्टाचे काम संपलेले असते, मुन्शीने कपाटे लावलेली असतात. चहा येतो आणि मी एक कागद सगळ्यांपुढे ठेवतो. कागदावर दहा-बारा ओळींत एक प्रसंग लिहिलेला असतो. त्यात नाव नाही, गाव नाही. फक्त थोरला, धाकटा, नवरा, बायको एवढेच. खाली दर वेळी तेच तीन प्रश्न. आपला पक्षकार कोण? आपल्याला काय कळले आणि ते कोणाकडून? आता करायचे काय? कायद्याच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेली मुलेही पहिल्या प्रश्नालाच अडखळतात. 'आपला पक्षकार कोण' हे वाटते तितके सोपे नसते.

या बैठकीतले तीन कागद वाचकांपुढे ठेवतो. हे प्रसंग कोणत्याही एका घराचे नाहीत. अनेक वर्षांतले तुकडे जोडून, आकडे आणि नाती बदलून मी ते बेतलेले आहेत. तसे केले नसते तर ज्या नियमाविषयी लिहितो आहे, तोच मी मोडला असता.

पहिला कागद : चाळीस मिनिटांचा पक्षकार

एक गृहस्थ येतात. बायकोशी पटत नाही, घटस्फोट घ्यायचा आहे. चाळीस मिनिटे बोलतात. पगार किती, बायकोला माहीत नसलेली ठेव कोणत्या बँकेत आहे, सगळे सांगतात. आपण दोन गोष्टी समजावतो. "विचार करून सांगतो" म्हणून ते जातात. फी दिलेली नाही, वकीलपत्रावर सही नाही. आठ दिवसांनी त्यांची बायको येते आणि म्हणते, माझे काम घ्या.

दर वेळी निम्मी मुले म्हणतात, घ्यायला हरकत नाही. वकीलपत्रच नाही तर तो आपला पक्षकार कसला?

इथे मी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांची पुस्तिका काढतो. तेहतिसावा नियम असा आहे की, एखाद्या दाव्याच्या संदर्भात ज्या वकिलाने कधीही सल्ला दिला असेल, किंवा कागद तयार करून दिले असतील, किंवा एका बाजूने काम पाहिले असेल, त्याने विरुद्ध बाजूने उभे राहायचे नाही. फी घेतली होती का, सही झाली होती का, असे तो नियम विचारत नाही. सल्ला दिला की दार बंद झाले. त्या बँकेतल्या ठेवीची गोष्ट आता माझ्या डोक्यात आहे. पोटगीच्या अर्जात ती वापरली तर नवऱ्याचा विश्वासघात, आणि वापरली नाही तर बायकोचे काम अर्धवट. ज्या कामात प्रामाणिकपणे वागण्याचा एकही रस्ता उरत नाही, ते काम घ्यायचे नाही.

मग त्या बाईंना सांगायचे काय? एक मुलगी म्हणाली, "सर, सांगायचं की तुमचे मिस्टर आधीच येऊन गेलेत." तेही नाही! नवरा वकिलाकडे गेला होता ही बातमीसुद्धा त्याचीच आहे. सांगायचे एवढेच : "मला हे काम घेता येणार नाही. दुसरे चांगले वकील बघा." कारण विचारले तर, "कारण सांगता येत नाही."

या फेऱ्यात सापडायचे नसेल तर उपाय एकच, आणि तो अगदी कारकुनी आहे : आधी नावे, मग हकीकत. माणूस खुर्चीत बसला की त्याचे रडगाणे सुरू होण्याआधी त्याचे नाव, समोरच्याचे नाव, गाव आणि जमिनीचा वाद असेल तर गट नंबर विचारायचा. माझ्या टेबलाच्या खणात एक जाड वही आहे. पंचवीस वर्षांत आलेल्या प्रत्येक पक्षकाराचे आणि त्याच्या विरोधकाचे नाव तिच्यात अक्षरवार लिहिलेले आहे. आमच्या भागात अर्धे गाव एकाच आडनावाचे असते, म्हणून नावावर भरवसा ठेवता येत नाही. गट नंबर मात्र खोटे बोलत नाही. वही बघायला दोन मिनिटे लागतात. ती न बघितल्याचे भोग दोन वर्षे भोगावे लागतात.

दुसरा कागद : झालेले आणि व्हायचे

दुसरा प्रसंग मी रचलेला नाही, तो दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम 126 खाली जी उदाहरणे दिली होती, त्यांतली ही दोन. एक पक्षकार येऊन म्हणतो, मी खोटा दस्त केला आहे, माझा बचाव करा. दुसरा म्हणतो, माझ्याकडे खोटे खरेदीखत आहे, त्याच्या जोरावर मला मिळकतीचा ताबा मिळवून द्या. दोघांनी वकिलाला आपले पाप सांगितले. गुपित कोणाचे राखायचे?

कायद्याचे उत्तर असे : पहिल्याचे राखायचे, दुसऱ्याला ते संरक्षण नाही. पहिला झालेल्या गोष्टीविषयी बोलतो आहे. गुन्हेगारालासुद्धा बचावाचा हक्क आहे आणि वकिलाला खरे सांगता आले नाही तर त्या हक्काला अर्थ राहत नाही. दुसरा पुढे करायच्या लबाडीसाठी वकिलाचा हात मागतो आहे. गुपिताची भिंत बचावासाठी बांधलेली आहे, लबाडीच्या आडोशासाठी नाही.

1 जुलै 2024 पासून तो जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि 126 ची जागा कलम 132 ने घेतली. गाभा तोच राहिला. पक्षकाराने कामासाठी जे सांगितले, जे कागद दाखवले, जो सल्ला मागितला, ते त्याच्या संमतीवाचून वकिलाने उघड करायचे नाही. हे बंधन काम संपल्यावरही संपत नाही. वकिलाचे कारकून, नोकर आणि दुभाषे यांनाही ते लागू आहे, म्हणून आमचा मुन्शी कोर्टासमोरच्या टपरीवर चहा पिताना उद्या कुणाचा जामीन अर्ज लागणार हे बोलला, तर चूक माझ्या ऑफिसची धरली जाते. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, पक्षकाराची माहिती काढण्यासाठी तपास अधिकाऱ्याला वकिलाला सरसकट समन्स पाठवता येणार नाही. कायद्यातल्या अपवादात प्रकरण बसत असेल तरच, आणि तेही पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या वरिष्ठाची लेखी संमती घेऊन.

मुले हा कागद चटकन सोडवतात. झालेले आणि व्हायचे, रेघ स्पष्ट आहे. मग मी तिसरा कागद पुढे सरकवतो.

तिसरा कागद : सगळ्यांचा वकील

वडील वारले. मृत्युपत्र नाही. स्वकष्टार्जित मिळकत : गावात घर, आणि रस्त्यालगत तीन एकर जमीन. वारस चार : आई, थोरला, धाकटा आणि लग्न होऊन पुण्याला दिलेली ताई. चौघांचा हिस्सा सारखा, प्रत्येकी चौथाई. घरात भांडण नाही. सगळे एकत्र येतात आणि ठरलेले सांगतात. घर धाकट्याने घ्यायचे, जमीन थोरल्याने. आई आणि ताई हक्कसोडपत्र करून देणार. जमीन एकरी वीस लाखांची, म्हणजे साठ लाखांची, असे सगळ्यांच्या बोलण्यात आहे. तेव्हा त्या जमिनीतला पंधरा लाखांचा हिस्सा ताई माहेरच्या मायेपोटी सोडते आहे. "तुम्ही घरचेच. तुम्हीच कागद करा." दस्तनोंदणी पुढच्या गुरुवारी.

सोमवारी रात्री थोरला एकटाच येतो. जमिनीचा एका बिल्डरशी व्यवहार ठरला आहे, एकरी सत्तर लाख. पाच लाख इसार घेऊन त्याने पावतीवर सही केली आहे. "हक्कसोड झाली की साठेखत करायचंय. हे तुमच्यात आणि माझ्यात हं, साहेब."

आता हिशेब बघा. जमीन साठ लाखांची नाही, दोन कोटी दहा लाखांची आहे. ताई पंधरा लाख नव्हे, साडेबावन्न लाख सोडते आहे आणि हे तिला ठाऊक नाही. धाकट्याचे घर थोरल्याच्या जमिनीला तोलास तोल होते, तेही आता राहिले नाही. आणि हे सगळे ठाऊक असलेला माणूस त्या चौघांचाही वकील आहे.

पहिला मुलगा तावातावाने म्हणतो, "ताईला फोन करून सांगायचं. ही फसवणूक आहे, दुसऱ्या कागदावरच्या खोट्या दस्तासारखीच." पण थोरल्याने खोटा कागद केलेला नाही. तो गप्प बसला आहे. नुसते गप्प बसणे ही कायद्याने दर वेळी फसवणूक होत नाही. ज्याच्यावर बोलण्याचे कर्तव्य आहे त्याचे मौन, किंवा मुद्दाम केलेली लपवाछपवी, ही फसवणूक ठरते. सख्ख्या भावाच्या बाबतीत न्यायालय काय ठरवील हे पुरावा आणि परिस्थिती यांवर अवलंबून राहील. "दस्तात किंमत साठ लाखच घाला, कुणाशी व्यवहार ठरलेला नाही असंही लिहा," असे थोरला म्हणाला असता, तर तो आपला हात लबाडीला मागत होता आणि भिंत कोसळली असती. तेवढे तो म्हणालेला नाही. शंकेच्या जागेवर उभे राहून एका पक्षकाराचे गुपित दुसऱ्याला विकणे हा वकिलाचा धंदा नव्हे.

दुसरा म्हणतो, "मग आपण फक्त कागद करणारे. जे सांगितलं ते लिहायचं." हे उत्तर सर्वांत सोयीचे आणि सर्वांत वाईट. ताई आपल्याला दस्तलेखक म्हणून पाहत नाही. घरचे वकील आहेत, काही खटकलं तर सांगतील, या भरवशावर ती सही करणार आहे. पक्षकाराने टाकलेल्या विश्वासाचा गैरफायदा घेऊ नये असे नियमांत लिहिलेलेच आहे. सगळे ठाऊक असताना तिच्यापुढे पेन धरणे म्हणजे तो विश्वास थोरल्याच्या कामाला जुंपणे.

इथे पोचलो की खोली गप्प होते. सांगता येत नाही आणि गप्प बसून कामही करता येत नाही. थोरल्याचे गुपित राखणे हे कर्तव्य, ताईचे हित पाहणे हेही कर्तव्य, आणि दोन्ही एकाच माणसावर. यालाच हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. लोकांना वाटते, वकिलाने पैसे खाल्ले की हितसंबंध आडवे येतात. इथे कुणी पैसा खाल्लेला नाही. दोन दगडांवर पाय ठेवले होते आणि दगड हलले, एवढेच.

मी मुलांना दाखवतो तो रस्ता असा. सोमवारी रात्रीच थोरल्याला सांगायचे : "तुम्ही मला हे सांगितलंत, आता मला हा कागद करता येणार नाही. बुधवारपर्यंत तुम्ही स्वतः आईला, ताईला, धाकट्याला सांगा. सगळं कळून ते सही करायला तयार असतील तर मी कागद करतो." माझा अनुभव असा की बरेच लोक इथे वळतात. दिवसाउजेडी आपली गोष्ट कशी दिसेल, हे त्यांना तोवर कुणी दाखवलेले नसते.

थोरला ऐकत नसेल तर काम सोडायचे, आणि चौघांचेही सोडायचे. थोरल्याचे ठेवून बाकीच्यांचे सोडता येत नाही, उलटही नाही. चौघांना एकाच मजकुराचे पत्र द्यायचे : "काही कारणाने मला हे काम पुढे नेता येत नाही. कोणत्याही दस्तावर सही करण्यापूर्वी आपण प्रत्येकाने स्वतःच्या वेगळ्या वकिलाचा सल्ला घ्यावा." न केलेल्या कामाची फी परत. ज्याने जो कागद दिला त्याला तो परत. पुढे वाटपाचा दावा झाला तर त्यात कुणाच्याच बाजूने उभे राहायचे नाही. वाद पेटला की एकाला धरून ठेवायचा मोह मोठा असतो. राजस्थानातल्या एका वकिलाने एका पक्षाचे काम हाती असताना दुसऱ्याचेही घेतले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1983 मध्ये न्यायालयाने, हे व्यावसायिक शिस्तीला धरून नाही, असे सांगून त्याची सनद काही काळ निलंबित ठेवली.

एकदा एका मुलीने विचारले, "पण सर, पत्र वाचूनही ताईने दुसऱ्याकडे जाऊन सही केली तर?" करू शकते. पत्रात मी काहीच उघड केलेले नाही. फक्त ज्या दारात सावध व्हायला हवे, ते दार दाखवले आहे. त्यापुढे जाण्याचा अधिकार मला नाही. सगळे नियम पाळूनही ताईचे नुकसान होऊ शकते, हे मी मुलांपासून लपवत नाही.

म्हणून खरी चूक सोमवारी रात्री झालेली नसते, ती पहिल्या दिवशी होते. चौघे हसतमुखाने बसलेले असतात तेव्हाच सांगायला हवे असते : "मी तुमचा सगळ्यांचा वकील असेन तर एकाने सांगितलेली या कामातली कोणतीही गोष्ट इतरांपासून लपवणार नाही. आणि तुमच्यात वाद झाला तर मी कुणाचाच राहणार नाही. हे चालणार असेल तर इथे सही करा." हल्ली मी असा अर्ध्या पानाचा कागद करून घेतो. काही लोकांना राग येतो. "आमच्यात कसला वाद?" म्हणतात. सही करताना ज्याचा हात थबकतो त्याच्याकडे मी बघून ठेवतो.

हक्कसोडपत्रावर सही करायला निघालेल्या लेकी-सुनांना माझे एवढेच सांगणे आहे. भावाच्या वकिलाला आपला वकील समजू नका. त्याला सरळ विचारा, "तुम्ही कोणाचे वकील?" उत्तर 'सगळ्यांचा' असे आले तर पुढचा प्रश्न विचारा, "मग दादा तुम्हाला एकट्याने काही बोलला तर ते मला कळेल का?" आणि माया कितीही असली तरी एक तास, स्वतःची फी देऊन, वेगळ्या वकिलाकडून तो कागद वाचून घ्या. हक्क सोडायचा तर अवश्य सोडा, पण काय सोडतो आहोत हे मोजून सोडा. आपल्याच वकिलाने विश्वास मोडला असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ताकीद देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंतचे अधिकार शिस्त समितीला आहेत.

आता शेवटचे, आणि सांगायला अवघड.

तिसऱ्या कागदावरचे दुसरे उत्तर, 'आपण फक्त कागद करणारे', हे मी स्वतः एकदा दिलेले आहे. तेव्हा मी वकिलीत नवा होतो, आणि त्या घरचा वकील होण्याचा मला फार अभिमान होता. प्रसंग अगदी असा नव्हता, नातीही ही नव्हती. पण मला ठाऊक होते, एका व्यक्तीला ठाऊक नव्हते, आणि तिने माझ्या टेबलावर, माझ्या पेनाने सही केली.

पुष्कळ वर्षांनी ती व्यक्ती एका लग्नात भेटली. जेवणे झाली होती, हात धुवायच्या रांगेत आम्ही पुढे-मागे उभे होतो. आवाज न चढवता तिने विचारले, "तुम्हाला तेव्हा माहीत होतं का हो?"

'नाही' म्हणणे खोटे झाले असते. 'हो' म्हणायचा मला हक्क नव्हता. ज्याने ते मला सांगितले होते तो माणूस तोवर वारला होता, पण त्याने टाकलेला भार माझ्याकडेच होता. मी म्हणालो, "मला त्याविषयी बोलता येत नाही." तिने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. तिला उत्तर मिळाले असावे. मी गुपित राखले, असे नियमाप्रमाणे म्हणता येईल. पण ते राखताना तिच्या नजरेला नजर देता आली नाही, कारण राखायचे गुपित आणि करायचे काम या दोहोंतले एक मी वेळेवर सोडलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून ती जाड वही आणली. पहिल्या पानावर नावांच्या आधी एकच प्रश्न लिहिला. तोच या लेखाचे शीर्षक आहे. शनिवारी येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी ते पान दाखवतो, चहा नंतर.